क्लिक वाढले, पण खाली लोक काय लिहितायत?

देवगड तालुक्यातल्या एका हापूस बागायतदाराच्या फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच्या जाहिराती मी एक हंगाम सांभाळल्या. त्यांची दीडशे कलमं, घरचंच पॅकिंग, आणि गिऱ्हाईक मुख्यतः पुण्या-मुंबईचं. एप्रिलच्या मध्यावर त्यांनी मला फोन केला, "दादा, नवी जाहिरात काय जोरात चाललीय! क्लिक दुप्पट झाले." मीही स्क्रीनवर तेच बघत होतो आणि खूष होतो. त्याच संध्याकाळी त्यांच्या सुनेने मला एक स्क्रीनशॉट पाठवला. पेट्या भरून झाल्यावर ती जाहिरातीखालच्या कमेंट्स वाचत बसायची. सोबत एकच ओळ होती: "भाऊजी, खाली लोक काय लिहितायत ते बघा ना एकदा."

पुढच्या आठवड्यात जे झालं ते सगळं त्या स्क्रीनशॉटमध्ये आधीच लिहिलेलं होतं. आकडे वाचण्याची माझी पद्धत त्या दिवसापासून बदलली.

आधीची जाहिरात साधी होती. पेटीचा फोटो, "देवगड हापूस, थेट बागेतून", आणि डझनाचा भाव ७५० रुपये. रोजचा खर्च २,००० रुपये. तेवढ्यात ती साधारण २०,००० वेळा लोकांसमोर यायची आणि ३०० जण क्लिक करायचे. म्हणजे दर शंभर वेळा दिसल्यावर दीड क्लिक, आणि एका क्लिकचा खर्च पावणेसात रुपयांच्या आसपास. त्यातून दिवसाला नऊएक ऑर्डरी यायच्या.

नव्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "देवगड हापूस डझन ३९९". त्यापुढे बारीक अक्षरात "पासून" हा शब्द होता. ३९९ हा भाव लहान फळाचा, दीडशे ग्रॅमच्या आतल्या आंब्याचा, आणि पोचवण्याचा खर्च त्यावर वेगळा. फोटो मात्र मोठ्या फळाचा. यात कोणाला फसवायचा हेतू नव्हता. घरात पेटीचा एकच चांगला फोटो होता, तोच लावला होता. पहिल्या दिवशी २०,००० वेळा दिसून ६०० क्लिक झाले. क्लिकचा खर्च निम्म्यावर, तीन रुपये तेहेतीस पैशांवर आला. ऑर्डरी १५ आल्या. कोणत्याही जाहिरातवाल्याने जुनी बंद करून सगळा पैसा नवीकडे वळवला असता. मीही तेच केलं.

स्क्रीनशॉट बघितल्यावर त्या पहिल्या दिवसाच्या सगळ्या ४८ कमेंट्स मी वहीत उतरवून घेतल्या आणि त्यांची वर्गवारी केली. २९ जणांनी भाव, पत्ता, पोचवण्याचे दिवस असं काही विचारलं होतं. आठ जणांनी मित्राला टॅग केलं होतं किंवा कौतुक केलं होतं. चार कमेंट्स भलत्याच विषयावर होत्या. उरलेल्या सात जणांचा सूर वेगळा होता. "३९९ म्हणजे किती ग्रॅमचा आंबा?" "क्लिक केल्यावर ७५० दिसतंय, मग वर ३९९ कशाला?" "देवगडच्या नावावर कर्नाटकचा माल खपवतायत वाटतं."

सात ही संख्या छोटी वाटते. म्हणून मी ती जुन्या जाहिरातीशेजारी ठेवून बघितली. जुन्या जाहिरातीवर रोज दहाएक कमेंट्स यायच्या आणि त्यात शंका किंवा तक्रार फार तर एक. म्हणजे जाहिरात १०,००० वेळा दिसल्यावर अर्धी तक्रार. नवीत हेच प्रमाण साडेतीन होतं, सातपट. तिसऱ्या दिवशी तक्रारीच्या कमेंट्स १७ झाल्या, म्हणजे १०,००० मागे साडेआठ. त्या दिवशीही क्लिक सहाशेच्या आसपासच होते. क्लिकच्या आकड्यात कसलीही हालचाल नव्हती.

तक्रारी मोजताना भागाकार एकूण कमेंट्सनी न करता जाहिरात किती वेळा दिसली त्याने करावा, असं मला वाटतं. एकूण कमेंट्सशी ताडलं तर "भाव काय?" असं विचारणारे वाढले की तक्रारींची टक्केवारी आपोआप खाली येते आणि चित्र गोड दिसतं. तक्रार करणारे तेवढेच असतात, किंबहुना वाढलेले असतात.

आता फेसबुकच्या आतली बाजू. ही जागा लिलावात मिळते, पण सगळ्यात जास्त बोली लावणाऱ्यालाच मिळते असं नाही. मेटा कंपनीने हा हिशेब जाहीरपणे सांगितलेला आहे. जाहिरातदाराची बोली, समोरचा माणूस अपेक्षित कृती करेल याची अंदाजे शक्यता, आणि जाहिरातीचा दर्जा, यांवरून प्रत्येक जाहिरातीचं एकूण मूल्य ठरतं. पहिल्या दोहोंचा गुणाकार होतो आणि दर्जा त्यात मिळवला जातो. दर्जा ठरवताना लोकांनी जाहिरात लपवली का, तिची तक्रार केली का, हे पाहिलं जातं. जाहिरातीच्या कोपऱ्यात तीन ठिपके असतात. त्यावर बोट ठेवलं की ती लपवण्याचा आणि तक्रार करण्याचा पर्याय येतो. आपल्या दृष्टीने ती माणसाची दोन सेकंदांची चीड असते, पण लिलावाच्या हिशेबात तिची नोंद होते.

अडचण अशी की किती जणांनी जाहिरात लपवली हा आकडा जाहिरातदाराला थेट दिसत नाही. २०१५ साली फेसबुकने प्रत्येक जाहिरातीला १ ते १० असे गुण द्यायला सुरुवात केली. तेव्हा त्याच्या शेजारी नकारात्मक प्रतिसाद जास्त, मध्यम की कमी, एवढं तरी दिसायचं. २०१९ मध्ये ते गुण गेले आणि त्यांच्या जागी तीन वेगवेगळ्या श्रेणी आल्या: क्वालिटी रँकिंग, एंगेजमेंट रेट रँकिंग आणि कन्व्हर्जन रेट रँकिंग. त्याच लोकांसाठी स्पर्धा करणाऱ्या इतर जाहिरातींच्या तुलनेत तुमची जाहिरात सरासरीच्या वर आहे, सरासरी आहे की खाली, एवढंच या श्रेणी सांगतात. खाली असेल तर तळाच्या ३५, २० की १० टक्क्यांत, हेही कळतं. जाहिरात किमान ५०० वेळा दिसल्याशिवाय श्रेणी मिळत नाही.

आमच्या जाहिरातीच्या या तीन श्रेणी मी तिसऱ्या दिवशी उघडल्या. एंगेजमेंट सरासरीच्या वर. क्वालिटी तळाच्या ३५ टक्क्यांत.

एकाच जाहिरातीच्या या दोन श्रेणी अशा विरुद्ध दिशांना का जातात, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण खरी धोक्याची खूण तिथेच असते. एंगेजमेंटच्या मोजणीत क्लिक, लाइक, शेअर, कमेंट सगळं धरलं जातं. "फसवतायत" अशी कमेंटही त्यात एक कमेंट म्हणूनच जमा होते. रागावलेला माणूस खाली चार ओळी लिहितो, दुसरा त्याला उत्तर देतो, तिसरा टाळी देतो, आणि प्रतिसादाचा आकडा वाढत जातो. त्याच वेळी काही जण न बोलता तीन ठिपक्यांवर जातात आणि जाहिरात लपवतात. ते कमेंट्समध्ये कधीच दिसत नाहीत, पण दर्जाच्या श्रेणीवर त्यांचा भार पडतो. प्रतिसाद वर आणि दर्जा खाली अशी जोडी दिसली, तर लोक थांबतायत खरे, पण नाराजीने थांबतायत असं समजावं.

आंब्याच्या धंद्यात ही खूण लवकर ओळखणं एवढं महत्त्वाचं का, तर आंबा स्वतः फार उशिरा बोलतो. ऑर्डर आली की पेटी भरून पुण्याला पोचायला दोन दिवस. फळ पाठवतात ते अर्धकच्चं, मग गिऱ्हाईकाने ते अढीत ठेवून पिकवायचं, त्याला आणखी पाच-सहा दिवस. आत साका निघाला, म्हणजे बाहेरून सुरेख दिसणाऱ्या हापूसच्या गरात तो पांढरट, आंबूस भाग निघाला, तर ते सुरी लावल्यावरच कळतं. तेव्हा मालाबद्दलची खरी तक्रार जाहिरात लागल्यापासून आठ-नऊ दिवसांनी येणार. पैसे परत मागणारे फोन त्यानंतर. खरेदी केलेल्यांना मेटा स्वतः समाधानाविषयी प्रश्न विचारते आणि त्यातून विक्रेत्याच्या पेजला ५ पैकी गुण देते, ते त्याहून उशिरा कळतं. ते गुण फार घसरले तर जाहिराती महाग पडू लागतात आणि आणखी घसरले तर बंदच होतात. पण तो निकाल हातात येईपर्यंत मे महिना उजाडलेला असतो. हापूसचा ऑनलाइन हंगाम धरून चाला दोन महिन्यांचा. त्यातले दहा दिवस चुकीच्या जाहिरातीवर गेले तर ते भरून निघत नाहीत.

कमेंट मात्र पेटी निघायच्याही आधी येते. पहिल्या तासातल्या शंका मालाबद्दल नसतातच, त्या वचनाबद्दल असतात. वर काय लिहिलंय आणि आत काय निघालं, यातली तफावत माणसाला क्लिक केल्याक्षणी दिसते. म्हणून सुरुवातीच्या कमेंट्स मी आता दोन ढिगांत घालतो, एक वचनाच्या आणि एक मालाच्या. पहिला ढीग आजच्या जाहिरातीबद्दल सांगतो आणि त्यावर आजच काही करता येतं. दुसरा सांगतो ती आठवड्यापूर्वीची गोष्ट.

पुढे काय झालं ते सांगतो. सुनेच्या स्क्रीनशॉटनंतरही मी दोन दिवस थांबलो. ही माझी चूक. क्लिक इतके चांगले असताना जाहिरात थांबवायला हात धजावेना. पाचव्या दिवशी ५९० क्लिक झाले आणि ऑर्डरी आल्या आठ. पहिल्या दिवशी शंभर क्लिकमागे अडीच ऑर्डरी होत्या, आता दीडच्याही खाली. सहाव्या दिवशी तेवढ्याच २,००० रुपयांत जाहिरात १७,००० वेळाच दिसली, म्हणजे जागाही महागली होती. क्लिक ५२०, ऑर्डरी सहा. क्लिकचा खर्च त्या दिवशीही पावणेचार रुपयांच्या आसपास होता. कोणी फक्त तो एकच रकाना बघत असता तर नवी जाहिरात जुनीपेक्षा अजूनही सरस आहे, असं तो म्हणाला असता.

ऑर्डरी का घसरल्या, हे सुनेनेच मला सांगितलं. तिने फोन करून विचारणाऱ्या दोघींना प्रश्न केला होता, "ऑर्डर का नाही दिलीत?" दोघी म्हणाल्या, "खाली वाचलं ना आम्ही." जाहिरातीखालच्या कमेंट्स सगळ्यांना दिसतात. माणूस फोटो बघून थांबतो, क्लिकही करतो, पण पैसे भरण्याआधी परत येऊन खालचं वाचतो. तिथे सगळ्यात वर, सगळ्यात जास्त उत्तरं मिळालेली कमेंट "कर्नाटकचा माल" ही होती. या आरोपाला कोकणात फार धार आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते याच भेसळीच्या भीतीपोटी. ज्याने स्वतःच्या कलमांवर आयुष्य काढलं, त्याच्यावर हा आरोप येतो तेव्हा तो फक्त धंद्याचा प्रश्न राहत नाही. बागायतदारकाका तो दिवसभर घरात बोलले नाहीत.

सहाव्या दिवशी संध्याकाळी आम्ही ती जाहिरात थांबवली. रात्री काकांनी दोन आंबे तळहातावर शेजारी शेजारी ठेवले, एक अडीचशे ग्रॅमचा आणि एक दीडशेच्या आतला. सुनेने मोबाइलवर फोटो काढला. त्यावर दोन्ही भाव मोठ्या अक्षरात, वजनासकट. खाली पोचवण्याचा खर्च, आणि आणखी एक ओळ: "फळ अर्धकच्चं येईल, अढीत घालून पाच-सहा दिवसांनी खा." मागच्या दोन वर्षांतल्या फोनवरच्या तक्रारी आठवून ती ओळ सुनेने सुचवली होती. ही जाहिरात २०,००० वेळा दिसली तर जेमतेम २६० क्लिक मिळायचे. क्लिकचा खर्च सात रुपयांच्या वर गेला. ऑर्डरी मात्र दिवसाला दहा-अकरा आल्या, आणि तक्रारीच्या कमेंट्स दिवसाला दोन.

थांबवलेल्या जाहिरातीखालच्या कमेंट्सना काकांनी एकेक करून उत्तरं दिली. ३९९ चा भाव वाचून मोठ्या फळाची अपेक्षा धरलेल्यांना फरकाचे पैसे परत केले. कमेंट काढून टाकायचा मोह आम्हाला झाला होता. पण फेसबुकवर कमेंट लपवली तरी ती लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसत राहते, आणि पुसून टाकली तर रागावलेला माणूस तीन ठिपक्यांकडे वळतो. मग तो आपल्याला दिसत नाही, फक्त दर्जाच्या श्रेणीत जाणवतो.

या मोजणीत काही खाचखळगे आहेत. पहिला खळगा कमेंट्स सापडण्याचाच. जाहिरात म्हणून केलेली पोस्ट पुष्कळदा पेजवर दिसतच नाही, ती फक्त ज्यांना दाखवली त्यांनाच दिसते. शिवाय एकाच जाहिरातीची प्रत काढून दुसऱ्या गटाला दाखवली की तिची वेगळी पोस्ट तयार होऊ शकते आणि कमेंट्स विभागल्या जातात. चार प्रतींवर पाच-पाच तक्रारी असल्या तर कुठलीच डोळ्यात भरत नाही. इन्स्टाग्रामवरच्या आणखी वेगळ्या. यासाठी सगळ्या प्रतींना एकच पोस्ट आयडी वापरावा, आणि कमेंट्स मेटा बिझनेस सूटच्या इनबॉक्समध्ये एकत्र वाचाव्यात.

दुसरा खळगा भाषेचा. कमेंट्सचा सूर आपोआप ओळखणारी साधनं बाजारात आहेत, आणि मोठ्या कंपन्यांना रोज हजारो कमेंट्स येतात तेव्हा त्यांना ती लागतातही. पण मराठी माणूस "एक नंबर आंबा" असंही लिहितो आणि "एक नंबर चोर" असंही. कोणी "khup chan" असं इंग्रजी अक्षरांत लिहितो, कोणी "वा रे वा, पेटीत निम्मे आंबे नासके" असं. शब्द मोजणाऱ्या साधनाला यातला "वा" कौतुकाचा वाटतो. दिवसाला पन्नास कमेंट्स असतील तर माणसाने स्वतः वाचाव्यात. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि ते माल ओळखणाऱ्या माणसाने करावं. अढी म्हणजे काय, साका म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे, त्यालाच "आतून पांढरा निघाला" या तीन शब्दांचं वजन कळतं.

तिसरा खळगा भलत्या रागाचा. २०१९ च्या होळीच्या सुमारास सर्फ एक्सेलच्या एका जाहिरातीवरून समाजमाध्यमांत बहिष्काराची हाक उठली. त्या लाटेत काही लोकांनी मायक्रोसॉफ्ट एक्सेल या हिशेबाच्या ॲपला प्ले स्टोअरवर एक तारा देऊन राग काढला. त्या ताऱ्यांवरून ॲपच्या दर्जाबद्दल काय कळणार? २०२० मध्ये तनिष्कच्या जाहिरातीवर असाच धुरळा उडाला आणि कंपनीने ती मागे घेतली. अशा वेळी कमेंट्समधली नाराजी खरी असते, पण ती माल किंवा भाव यांच्याबद्दल नसते. लिहिणाऱ्यांत गिऱ्हाईक किती आणि बाहेरचे किती, हेही सांगता येत नाही. छोट्या धंद्यात हेच काम कधी शेजारचा स्पर्धक करतो. म्हणून तक्रार कशाबद्दल आहे हा रकाना वहीत वेगळा हवा: भाव, वजन, पोचवणं, खरेपणा, की बाहेरचा वाद. बाहेरच्या वादाचा रकाना एकटाच फुगला असेल आणि शंभर क्लिकमागच्या ऑर्डरी जागच्या जागी असतील, तर मी जाहिरातीला हात लावत नाही.

आणि छोट्या आकड्यांना फार भाव देऊ नये. जाहिरात हजार वेळा दिसून दोन तक्रारी आल्या तर ते १०,००० मागे वीस होतात, पण त्यावरून काहीच ठरत नाही. दोघे जण योगायोगानेही येतात. मी किमान १०,००० वेळा दिसण्याची वाट बघतो, त्या पेजचं नेहमीचं प्रमाण शेजारी ठेवतो, आणि सलग दोन दिवस ते दुपटीच्या वर राहिलं तरच जाहिरात थांबवतो. ही दुपटीची रेघ माझी स्वतःची, कुठल्या पुस्तकातली नाही. साड्या विकणाऱ्याला वेगळी लागेल, क्लासवाल्याला वेगळी.

पुढच्या हंगामात काकांनी पॅकिंगच्या खोलीत भिंतीवर एक कॅलेंडर लावलं. प्रत्येक तारखेच्या चौकटीत सून रोज रात्री तीन आकडे लिहायची: क्लिक, ऑर्डरी, आणि लाल पेनाने तक्रारी. काका पेटीला दोरी बांधता बांधता मान वर करून विचारायचे, "लाल किती आज?"